सावली चुकली की जागा परकी वाटते: साताऱ्यातल्या एका साइट प्लॅनचं प्रकरण

साताऱ्याच्या कोरेगाव रस्त्याला लागून ५३ गुंठ्यांचा एक प्लॉट आहे, पूर्व-पश्चिम ९० मीटर आणि दक्षिणोत्तर ६० मीटर. रस्ता दक्षिणेला. मालकांना पुढच्या बाजूला मंगल कार्यालय आणि मागे लग्नाचं लॉन करायचं आहे. आर्किटेक्ट मॅडमनी आराखडा पक्का केला आणि भागीदारांना दाखवण्यासाठी वरून पाहिल्यासारखा रंगीत साइट प्लॅन बाहेरगावच्या एका रेंडरवाल्याकडून करून घेतला. हॉलचं छप्पर, पेव्हर ब्लॉकचं अंगण, हिरवंगार लॉन, झाडं आणि भोवती उपग्रहाच्या चित्रातला खरा परिसर असा तो प्लॅन होता. चित्र देखणं होतं. मालकांनी मात्र पाहताक्षणी सांगितलं, "मॅडम, हे आपल्या जागेचं वाटत नाही. कुठंतरी परदेशात नेऊन ठेवलंय."

नेमकं काय खटकतंय ते त्यांना सांगता येत नव्हतं, आणि त्यात नवल काही नाही. वरून घेतलेली चित्रं आता प्रत्येकाच्या मोबाइलवर असतात, त्यामुळे खोटं काय ते डोळ्याला लगेच कळतं. कारण मात्र शोधून काढावं लागतं. दुरुस्तीसाठी हे काम माझ्याकडे आलं, तेव्हा रंग बदलण्याआधी मी सावल्या बघायला घेतल्या.

सावली आग्नेयेला कशी पडली?

प्लॅनमध्ये उत्तर वर होती. हॉलच्या आणि झाडांच्या सावल्या उजवीकडे खाली, म्हणजे बरोबर आग्नेयेला, ४५ अंशांत पडलेल्या होत्या. भोवतालच्या उपग्रह-चित्रातल्या घरांच्या सावल्या मात्र डावीकडे वर, वायव्येकडे. एकाच कागदावर दोन सूर्य.

उजेड वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो, ही रेंडरिंगमधली जुनी पद्धत आहे. तिला कारणही आहे. उजेड वरून येतोय असंच आपला डोळा धरून चालतो, त्यामुळे सावली वरच्या अंगाला पडलेली दिसली की खड्डा उंचवट्यासारखा आणि उंचवटा खड्ड्यासारखा दिसू शकतो. म्हणून नकाशे आणि प्लॅन रंगवणारे वरच्या डाव्या बाजूचा उजेड सोडत नाहीत. नुसता कोरा कागद असेल तर ही पद्धत खुशाल वापरावी. खऱ्या परिसराच्या चित्रात प्लॅन बसवायचा असेल तेव्हा ती चालत नाही.

साताऱ्यापुरतं बोलायचं तर ही सावली नुसती विसंगत नाही, तिथं ती पडणंच शक्य नाही. सातारा साधारण १७.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. सूर्य वायव्येला, उत्तरेपासून ४५ अंशांवर यायचा तर ते फक्त जूनच्या आसपास, भर दुपारनंतर थोडा वेळ घडतं. त्या वेळी तो जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दहा मीटर उंच इमारतीची सावली दीडेक मीटरच पडते. प्लॅनमध्ये साडेसात मीटर उंच हॉलची सावली दहा मीटर दाखवली होती.

मग खरी सावली कशी ठरवायची? सूर्याचे तक्ते उघडायचीही गरज पडली नाही, कारण उत्तर उपग्रहाच्या चित्रातच होतं. शेजारी तळमजला अधिक दोन मजल्यांची इमारत आहे. तिची कठड्यापर्यंतची उंची टेपने मोजली, ती दहा मीटर भरली. चित्रात तिची सावली ८.८ मीटर आली. म्हणजे सावली उंचीच्या ०.८८ पट. दिशा उत्तरेपासून पश्चिमेकडे ३३ अंश निघाली. भोवतालची कापणी झालेली रानं आणि पिवळा पडलेला डोंगर बघता चित्र हिवाळ्याच्या शेवटी, सकाळी उशिरा घेतलेलं असणार. सूर्याचं गणितही तेच सांगतं: फेब्रुवारीच्या सुरुवातीला सकाळी सव्वाअकराच्या सुमारास साताऱ्यात हीच सावली पडते.

हॉल साडेसात मीटर उंच, म्हणून त्याची सावली ६.६ मीटर. ती ३३ अंशांत तोडली की पश्चिमेकडे ३.६ आणि उत्तरेकडे ५.५ मीटर मिळतात. ऑटोकॅडमध्ये ड्रॉइंग मीटरमध्ये असेल तर हॉलची बाह्यरेषा आधी निवडून एवढ्याने सरकवलेली तिची प्रत काढायची:

```
COPY
0,0
@-3.6,5.5
```

यानंतरचं एक काम बहुतेक जण गाळतात. मूळ बाह्यरेषेचे आणि सरकवलेल्या प्रतीचे कडेचे कोपरे तिरप्या रेषांनी जोडायचे आणि मधला सगळा भाग सावली म्हणून भरायचा. फोटोशॉपच्या `Drop Shadow`मध्ये नुसती सरकवलेली प्रत मिळते, कोपऱ्यांची ती तिरपी रेघ मिळत नाही. त्यामुळे हॉलच्या नैर्ऋत्य आणि ईशान्य कोपऱ्यांपाशी एक चौकोनी खाच राहते, आणि इमारत जमिनीतून उभी राहिलेली न दिसता कागदाचा तुकडा वर तरंगत ठेवल्यासारखी दिसते. पहिल्या प्लॅनमध्ये ही खाच दोन्ही कोपऱ्यांवर स्पष्ट दिसत होती. चित्र तपासताना मी पहिल्यांदा तिथंच बघतो.

झाडाला मात्र `Drop Shadow` शोभतो, कारण झाडाचा पसारा खरोखरच जमिनीपासून वर असतो. खोड बारीक, सावली पडते ती पानोऱ्याची. म्हणून पानोऱ्याच्या मध्याची उंची धरून सावली तेवढी दूर न्यायची. आंब्याचा पानोरा जमिनीलगत असतो, त्याची सावली त्याच्या बुडाशीच राहते. नारळाचं उलट. प्लॉटच्या पश्चिम कडेला तीन जुने नारळ आहेत, त्यांचे शेंडे दहा मीटरवर. त्यांच्या सावल्या शेंड्यापासून जवळजवळ नऊ मीटर दूर, कुंपणाच्या भिंतीपलीकडे शेजारच्या रानात पडतात. तशा त्या काढल्यावर मालकांचे पुतणे म्हणाले, "काका, ही ताऱ्यांसारखी काळी ठिपकी कसली रानात?" काकांनी नारळांकडे बोट दाखवलं आणि पहिल्यांदा म्हणाले, "ही आपलीच जागा."

लॉन उंच का दिसू लागलं

सावली वायव्येला नेल्यावर जुन्या पद्धतीने ज्याला आळा घातला होता तोच प्रश्न पुढे आला. जमीन उत्तरेकडे उतरती असल्याने लॉन अंगणापेक्षा एक मीटर खाली आहे. दक्षिणेच्या आणि पूर्वेच्या राखण भिंतींची सावली लॉनमध्ये आतल्या अंगाला पडते, म्हणजे कागदावर खालच्या आणि उजव्या कडेला काळी पट्टी. पाहणाऱ्याला सवयीने उजेड वरून डावीकडून येतोय असं वाटतं, त्यामुळे लॉन खोलगट न दिसता चौथऱ्यासारखं वर आलेलं दिसू लागलं.

हॉल आणि झाडं यांच्या बाबतीत असं होत नाही. छप्पर छप्परच आहे हे डोळा ओळखतो, त्यामुळे उजेड कुठून येतोय याला तो फारसा फसत नाही. ओळखीची खूण नसलेले साधे पातळीबदलच फसवतात. म्हणून लॉनला खुणा दिल्या: पायऱ्या ठसठशीत काढून त्यांवर "खाली" असा बाण, अंगणावर ०.०० आणि लॉनवर उणे १.०० अशा पातळ्या. सगळ्यात जास्त उपयोग हॉलच्या सावलीचा झाला. हॉल आणि लॉनची कड यांच्यामध्ये चार मीटर अंगण आहे, आणि सावली उत्तरेकडे ५.५ मीटर जाते, म्हणजे ती कड ओलांडून लॉनवर उतरते. लॉन एक मीटर खाली असल्याने तिथल्या सावलीपुरती हॉलची उंची साडेआठ मीटर होते आणि सावली ५.५ ऐवजी ६.३ मीटरपर्यंत जाते. लॉनची कड हॉलच्या टोकांच्या पुढेही जात असल्याने टोकाशी सावलीची कडा जिथं भिंत ओलांडते तिथं ती थोडी तुटून पुढे सरकलेली दिसते. कागदावर ही तूट चार मिलिमीटरची. ती काढल्याबरोबर लॉन खाली बसलं.

पेव्हर ब्लॉकचे सांधे

आता पोताबद्दल. पहिल्या प्लॅनमध्ये अंगणातल्या प्रत्येक पेव्हर ब्लॉकचा सांधा मोजता येत होता. लॉनमध्ये गवताची पाती दिसत होती. दिसायला छान, पण प्रमाणात हे बसत नाही.

कागद ए-वन आकाराचा, प्रमाण १:२००, छपाईसाठी १५० डीपीआय. या हिशेबात कागदावरचा एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे सुमारे साडेतीन सेंटिमीटर. आपल्याकडचा साधा पेव्हर ब्लॉक २० बाय १० सेंटिमीटरचा असतो, म्हणजे सहा बाय तीन पिक्सेल. त्यामधला तीन मिलिमीटरचा सांधा एका पिक्सेलच्या दहाव्या भागाएवढा. तो दिसूच शकत नाही. पहिल्या प्लॅनमध्ये तो दिसत होता, कारण नेटवरून घेतलेला पोत फोटोशॉपच्या `Pattern Overlay`मध्ये मोजमाप न करता ताणून लावला होता. मोजून पाहिलं तर एकेक ब्लॉक सव्वा मीटर लांब निघाला. पाहणाऱ्याला हे आकडे ठाऊक नसतात, पण मोठे ब्लॉक पाहून अंगण आपोआप लहान वाटतं. म्हणूनच मालकांची पहिली तक्रार होती की पार्किंगमध्ये दहा गाड्याही मावणार नाहीत. पार्किंग प्रत्यक्षात चाळीस गाड्यांचं काढलेलं होतं.

इतक्या उंचीवरून पेव्हिंग ओळखू येतं ते एकसारख्या फिकट राखाडी रंगावरून आणि त्यातल्या मोठ्या फरकांवरून. निचऱ्याच्या चॅनेलची बारीक काळी रेघ, गाड्या उभ्या राहतात तिथले तेलकट डाग, फाटकातून आत आलेल्या तांबूस मातीच्या खुणा. मी सांधे काढून टाकले, नुसता राखाडी थर ठेवला, त्यावर अगदी मंद `Noise`, आणि दर सहा मीटरवर वेगळ्या रंगाच्या ब्लॉकची एक पट्टी दिली. ती पट्टी मूळ ड्रॉइंगमध्ये होतीच, पोताखाली दबून गेली होती. तिच्यामुळे अंतराचा अंदाज येतो. पुढची बैठक झाली तेव्हा गाड्यांचा प्रश्न निघाला नाही.

लॉनचं तेच. पाती नाहीत, नुसता मंद चट्टेरी हिरवा. मात्र रंगाला थोडा जास्त वेळ दिला. फेब्रुवारीत साताऱ्यात भोवती सगळं वाळलेलं असतं, त्यात पाणी दिलेलं लॉन उठून दिसतं हे खरं. पण वरून ते पोपटी दिसत नाही, थोडं काळपट, शेवाळी दिसतं. झाडांचा पानोरा लॉनपेक्षाही गडद असतो, कारण पानांच्या आत स्वतःच्याच सावल्या असतात. पहिल्या प्लॅनमध्ये झाडं लॉनपेक्षा फिकट होती. दोघांची अदलाबदल केली आणि रंगाचा भडकपणा निम्म्यावर आणला, तेवढ्यानेच चित्र बरंच जमिनीवर आलं.

झाडांमध्ये आणखी एक घोळ होता, तोही नेहमीचाच. वरून दिसणाऱ्या झाडाचं एकच तयार पीएनजी घेऊन ते चाळीसेक ठिकाणी डकवलेलं होतं, आणि सगळी सारखी दिसू नयेत म्हणून प्रत्येक वेळी थोडं फिरवलेलं. पण त्या पीएनजीत एका बाजूला उजेड आणि दुसऱ्या बाजूला अंधार आधीच रंगवलेला होता. झाड फिरवलं की उजेडही फिरतो. एका झाडावर ऊन पूर्वेचं, शेजारच्यावर पश्चिमेचं. फिरवायचंच तर उजेड नसलेलं सपाट झाड घ्यावं, ते हवं तसं फिरवावं आणि आग्नेयेचा उजेड शेवटी सगळ्यांवर एका वेगळ्या थरातून द्यावा. मी तसंच केलं. जातीप्रमाणे आकारही वेगळे केले. उंच अशोकाचा पसारा दोन मीटर, जुन्या आंब्याचा नऊ, आणि प्लॉटवरच्या चिंचेचा प्रत्यक्ष मोजून बारा. नवीन लावायची झाडं सहा मीटर पसाऱ्याची दाखवली आणि कोपऱ्यात लिहिलं की हा पसारा लावणीनंतर काही वर्षांनी येणारा आहे. हे न लिहिता मोठी झाडं दाखवणं मला लबाडी वाटते.

परिसर आणि छप्पर

भोवतालचं उपग्रह-चित्र रस्त्याच्या बाजूने सुमारे दोन मीटर आत सरकलेलं होतं, त्यामुळे रस्ता प्लॉटमध्ये घुसल्यासारखा दिसत होता. कारण शोधायला फार वेळ लागला नाही. चित्र बसवताना शेजारच्या तीन मजली इमारतीच्या छपराचा कोपरा सर्व्हेतल्या कोपऱ्याशी जुळवला होता. उपग्रह बरोबर डोक्यावरून बघत नसतो, थोडा तिरपा बघतो, त्यामुळे उंच छप्पर आपल्या पायापासून बाजूला कललेलं दिसतं. दहा मीटर उंचीला बारा अंशांचा तिरपेपणा असला तरी छप्पर दोन मीटर सरकतं. जुळवायचं असेल तर जमिनीवरच्या खुणाच घ्याव्यात. कुंपणाच्या भिंतीचे कोपरे, रस्त्यावरचा दुभाजक, विहिरीचा काठ. कुंपणाचे चार कोपरे घेऊन चित्र पुन्हा बसवलं आणि रस्ता आपल्या जागी गेला.

उपग्रहाचं चांगल्यातलं चांगलं सार्वजनिक चित्रसुद्धा पिक्सेलला साधारण तीस सेंटिमीटर असतं. आपला प्लॅन त्याच्या नऊ पट बारीक. दोन्ही शेजारी ठेवले की प्लॉट सुरीने कापून आत बसवल्यासारखा दिसतो. परिसर धारदार करता येत नाही, म्हणून त्याचे रंग थोडे उतरवले आणि प्लॉटच्या कडेला, कुंपणालगतच्या दोन-तीन मीटरच्या पट्ट्यात, आपल्याकडचं काम किंचित मऊ केलं. परिसर पूर्ण पुसून टाकणं हा सोपा मार्ग होता. पण मालकांना शेजारची विहीर आणि रस्त्यापलीकडचं दुकान चित्रात हवं होतं, आणि ते त्यांचं बरोबर होतं.

मालकांनी विचारलं, "हॉलमधलं स्टेज, जेवणाचा भाग हे का दिसत नाही?" वरून बघताना छप्पर दिसतं, खोल्या नाहीत. छपराची कड भिंतीच्याही बाहेर पाऊण मीटर येते. म्हणून छप्पर पूर्ण रंगवलं आणि भिंतींची खरी बाह्यरेषा, म्हणजे इमारतीचा फुटप्रिंट, त्याखाली तुटक रेघेने दाखवला. कुंपणापासूनचं अंतर भिंतीपर्यंत मोजायचं असतं, छपराच्या कडेपर्यंत नाही. हे चित्र मंजुरीसाठी जाणारच नव्हतं. मंजुरीच्या नकाशाची रंगांची पद्धतच वेगळी: प्रस्तावित बांधकाम लाल, पाडायचं पिवळं. त्यात सावलीला जागा नाही.

मे महिन्यातली संध्याकाळ

बैठक संपता संपता मालकांनी असा प्रश्न विचारला की त्याचं उत्तर या चित्रात मिळणं शक्य नव्हतं. "लग्नं एप्रिल-मेमध्ये. संध्याकाळी पाचला मंडळी लॉनवर येणार. सावली कुठं असेल?"

चित्रातली सावली फेब्रुवारीतल्या सकाळची. ती बघून कुणी लॉनच्या दक्षिण कडेला हॉलची सावली मिळेल असं धरलं तर फसेल. मेच्या दहा तारखेच्या सुमारास साताऱ्यात भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. त्याच दिवशी संध्याकाळी पाचला सूर्य पश्चिमेला, किंचित उत्तरेकडे, सुमारे २६ अंश वर असतो. सावली उंचीच्या दुप्पट लांब आणि जवळजवळ सरळ पूर्वेला पडते. म्हणजे हॉलची पंधरा मीटर लांब सावली पूर्वेच्या पार्किंगवर जाणार. लॉनवर तिचा तुकडाही पडणार नाही.

रेंडर बाजूला ठेवून मी त्याच ड्रॉइंगवर पाच वाजताची साधी रेघांची सावली काढून दाखवली. आराखड्यात नवीन पर्जन्यवृक्षांची रांग लॉनच्या पूर्व कडेला होती, फाटकातून आत येताना छान दिसावी म्हणून. पाच वाजता त्यांची सावली पार्किंगमधल्या गाड्यांवर. मॅडमनी तिथंच रांग पश्चिम कडेला हलवली. आठ मीटर उंचीची झाडं झाली की पाच वाजता त्यांची सावली सोळा मीटर लॉनवर येईल, आणि लॉन पूर्व-पश्चिम ४२ मीटर आहे. पंगत त्या सावलीत पश्चिम अंगाला, स्टेज पूर्वेला असं ठरलं. झाडं वेगळ्या थरावर असल्याने रेंडरमध्ये रांग हलवायला फार काही करावं लागलं नाही. मात्र पश्चिमेची दोन झाडं नारळांच्या बुंध्यांजवळ येत होती, ती अडीच मीटर आत घेतली.